पाचव्या वर्षाचं खेळतं भांडवल

उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासायला मी त्या वर्षी उशिरा पोचले. आमच्या कॉलेजात माझी पर्यवेक्षणाची ड्युटी संपत नव्हती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला कुठलंच काम नाही म्हणता येत नाही. ड्युटी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कार्फ गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून, मी गाडीवर मूल्यांकन केंद्रावर गेले. मे महिना होता. दहा वाजता हँडल हातात धरवत नव्हतं.

केंद्र म्हणजे एका जुन्या कॉलेजातली पहिल्या मजल्यावरची मोठी वर्गखोली. बाकं जोडून टेबलं केलेली, दोन कोपऱ्यांत दोन कूलर. त्यातल्या एकात पाणी भरायला कुणी नसायचं, त्यामुळे तो नुसता गरम वारा फेकायचा. दारापाशी कस्टडीचे बाबू बसायचे आणि सही घेऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे द्यायचे. विषय माझाच होता, वित्तीय व्यवस्थापन. सगळ्यांना एकेक नमुना उत्तर दिलेलं असायचं, आम्ही त्याला किल्ली म्हणतो. किल्ली आमच्या विषयाच्या परीक्षकांचे प्रमुख, अध्यक्ष सर, यांनी काढली होती. सर शहरातल्या जुन्या कॉमर्स कॉलेजचे. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज कधी चढवायचे नाहीत. मी एम.कॉम.ला असताना त्यांनी आम्हाला काही महिने शिकवलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं.

माझ्या शेजारच्या बाकावर पारशिवनीच्या कॉलेजातले सर होते. दरवर्षी तेच शेजारी असतात. रोज मोटरसायकलने येणं-जाणं. डबा उघडला की आधी समोरच्याला विचारणार, मग स्वतः खाणार.

"या मॅडम," ते म्हणाले. "आम्ही तं अर्धं संपवून राहिलो. तुमच्यासाठी कूलरची बाजू सोडून ठेवली, पण तो कूलर बिनकामाचा आहे."

मी पहिला गठ्ठा घेतला. सुरुवातीचे प्रश्न व्याख्यांचे. दोन-तीन पेपर गेले की हात आपोआप चालायला लागतो आणि डोकं दुसरीकडे जातं. घरी सासूबाईंची गोळी द्यायची राहिली की काय, असं काहीतरी मनात घोळत होतं. मग चौदा गुणांचं गणित आलं.

हे गणित मी इतकी वर्षं शिकवते आहे की झोपेतही सोडवीन. एक कंपनी दहा लाखांचं यंत्र घेते. यंत्राचं आयुष्य पाच वर्षं, शेवटी भंगारात विकून एक लाख येणार. घसारा सरळ रेषा पद्धतीनं. सुरुवातीला दोन लाखांचं खेळतं भांडवल लागणार. दरवर्षी विक्री नऊ लाख, रोख खर्च साडेपाच लाख. कराचा दर तीस टक्के, भांडवलाचा खर्च बारा टक्के. निव्वळ वर्तमान मूल्य काढा आणि प्रकल्प घ्यावा की नाही ते सांगा.

त्या मुलाचं की मुलीचं अक्षर गोल, रेघा पट्टीनं मारलेल्या. उत्तर आलं होतं अधिक सत्तेचाळीस हजार नऊशे पंच्याण्णव. खाली लिहिलं होतं, प्रकल्प स्वीकारावा.

मी किल्ली पाहिली. किल्लीत होतं उणे पासष्ट हजार चारशे पाच. प्रकल्प नाकारावा.

मुलाचं चुकलं असेल म्हणून मी वरून परत पाहत आले. काही चुकलेलं नव्हतं. पुढचा पेपर काढला, त्यातही सत्तेचाळीस हजार. त्याच्या पुढच्यात वेगळंच काहीतरी, त्यानं खेळत्या भांडवलावरही घसारा काढला होता, ती चूक नेहमीचीच. पण मग पुन्हा एकात सत्तेचाळीस हजार. मी पेन खाली ठेवलं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि मला मनापासून वाटत होतं की चूक माझी असावी. माझी असती तर काम सोपं होतं.

"सर," मी शेजारी म्हटलं, "चौदा गुणांच्या गणितात तुम्ही किती देताय? सत्तेचाळीस हजार आलं असेल तर?"

"उत्तर चूक, पण पायऱ्या बरोबर असल्या तं आठ-नऊ देतो. काही लोक सहाच देऊन राहिले." त्यांनी मान वर केली. "काहून?"

"मला वाटतं किल्ली चुकली आहे."

पारशिवनीच्या सरांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या बाकांवर रचलेल्या तपासून झालेल्या गठ्ठ्यांकडे बघितलं. 

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "आता काहून डोकं लावून राहिल्या तुम्ही? दोन दिवसांत संपते. माझ्या पुतणीचं लग्न आहे गावात. परवा हळद आहे."

त्यांचा राग मला आला नाही. मलाही घरी जायचं होतं. पण तीन-चार पेपर असे डोळ्यांसमोर पडलेले असताना त्यांच्यावर सहा किंवा आठ लिहिणं हाताला जमेना. पास-नापासाच्या काठावर बसलेल्या मुलाला पाच-सहा गुण म्हणजे एक वर्ष. मी किल्लीचा कागद घेऊन उठले.

अध्यक्ष सर खिडकीपाशी बसून कुणाचे तरी गुण पडताळत होते. मी म्हटलं, "सर, एक शंका होती." त्यांनी चष्मा काढला आणि ऐकून घेतलं. मग किल्ली हातात घेऊन वरून खाली बोट फिरवलं.

"बरोबर तर आहे," ते म्हणाले.

"सर, पाचव्या वर्षी खेळतं भांडवल परत आलेलं दिसत नाही."

"प्रश्नात कुठं म्हटलंय परत येतं म्हणून?"

हे त्यांनी भांडायच्या सुरात म्हटलं नाही. पण आजूबाजूचे दोघं-तिघं पेन थांबवून बघायला लागले. मला वाटलं आता बसावं. पण बसले असते तरी उठावं लागलंच असतं.

"सर, फळ्यावर करून बघू का? माझंच चुकत असेल."

त्यांनी हातानं खूण केली, करा. खडू शोधायला वेळ लागला. शेवटी बाबूंनी टेबलाच्या कप्प्यातून एक तुकडा काढून दिला. फळा इतका जुना होता की खडू धरत नव्हता, पण आकडे वाचता येत होते. मी वर्गात लिहिते तसंच लिहीत गेले, आणि वर्गात बोलते तसंच बोलत गेले. दुसऱ्या पद्धतीनं मला येतच नाही.

सुरुवातीला जाणारा पैसा म्हणजे यंत्राचे दहा लाख आणि खेळत्या भांडवलाचे दोन लाख, मिळून बारा लाख. घसारा फक्त यंत्रावर. दहा लाखांतून भंगाराचा एक लाख वजा, उरलेल्या नऊ लाखांना पाचनं भागलं की वर्षाला एक लाख ऐंशी हजार. खेळत्या भांडवलावर घसारा नाही. ते झिजत नाही, नुसतं फिरतं.

"इथवर किल्लीत तसंच आहे," पारशिवनीचे सर म्हणाले. ते कधी उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं. हातात कॅल्क्युलेटर होता.

नऊ लाखांतून साडेपाच गेले, साडेतीन उरले. त्यातून घसारा वजा केला की करपूर्व नफा एक लाख सत्तर हजार. त्यावर तीस टक्के कर, एक्कावन्न हजार. करानंतर एक लाख एकोणीस हजार. आता घसारा परत मिळवायचा, कारण तो कुणाला दिलेला पैसा नाही. कर कमी व्हावा म्हणून तो वजा केला, काम झालं, आता परत घेतला. एक लाख एकोणीस अधिक एक लाख ऐंशी, दोन लाख नव्याण्णव हजार. हा दरवर्षी हातात येणारा पैसा, पाचही वर्षं सारखाच.

पुढच्या वर्षांचा पैसा आजच्या किमतीत आणायचा, तर बारा टक्क्यांनी पाच वर्षांच्या गुणकांची बेरीज तीन पूर्णांक सहाशे पाच. गुणाकार पारशिवनीच्या सरांनी केला. "दहा लाख सत्त्याहत्तर हजार आठशे पंच्याण्णव."

"आता पाचव्या वर्षाचा शेवट," मी म्हटलं. "भंगाराचा एक लाख येतो. यंत्राची पुस्तकी किंमतही तेव्हा एक लाखच उरलेली असते, म्हणून त्यावर नफा नाही, कर नाही. किल्लीत एवढंच धरलं आहे. पाचव्या वर्षाचा गुणक शून्य पूर्णांक पाचशे सदुसष्ट, म्हणजे छप्पन्न हजार सातशे. मिळवले की अकरा लाख चौतीस हजार पाचशे पंच्याण्णव. बारा लाखांतून पासष्ट हजार चारशे पाच कमी. किल्लीचं उत्तर हे."

"हो," अध्यक्ष सर म्हणाले.

"पण सर, ते दोन लाख कुठं गेले? गोदामातला माल शेवटी विकला जातो. उधारी वसूल होते. नवीन माल घ्यायचा नसतो. म्हणून सुरुवातीला घातलेलं भांडवल शेवटी मोकळं होतं. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ते पूर्ण परत येतं असं आपण धरतो. पुस्तकात तसंच आहे, आपण शिकवतोही तसंच. तो नफा नाही, म्हणून त्यावर करही नाही. दोन लाखांना पाचशे सदुसष्टनं गुणलं की एक लाख तेरा हजार चारशे. ते मिळवले की बारा लाख सत्तेचाळीस हजार नऊशे पंच्याण्णव. बारा लाख गेले. उरले सत्तेचाळीस हजार नऊशे पंच्याण्णव."

एका ओळीनं प्रकल्प नाकारण्यावरून स्वीकारण्यावर आला होता. मी खडू ठेवून रुमालाला हात पुसले.

सर फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "बसा." मी बसले. बाकीचे आपापल्या जागी गेले, कारण सरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पुस्तकात तसंच आहे. मी कितीदा शिकवलंय. किल्ली घरी काढली रात्री. शेवटच्या वर्षाशी आलो आणि ते दोन लाख लिहायला हात गेला नाही. मुद्दाम सोडले असं नाही. पण विसरलो असंही म्हणता येणार नाही."

मी रुमालाची घडी घातली. 

"माझ्या धाकट्या भावाचं हिंगण्याला युनिट होतं," ते म्हणाले. "प्लास्टिकच्या पिशव्यांचं. पाच-सहा वर्षं चाललं. त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट मीच बनवून दिला होता. हेच गणित. असंच शेवटच्या वर्षात खेळतं भांडवल परत, मोठ्या अक्षरांत. बंद केलं तेव्हा गोदामातला माल कुणी घेईना. छापलेल्या पिशव्या, ज्यांच्या नावाच्या त्यांच्याशिवाय कुणाच्या कामाच्या? उधारीवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकजण म्हणाला, तुमचं दुकानच उठलं तर आता कशाचे पैसे." ते थांबले. "परत काही येत नाही हो मॅडम. आपण पोरांना सांगतो येतं म्हणून."

कूलरचा गरम वारा कागद फडफडवत होता. सरांनी त्यांवर पाण्याची बाटली ठेवली.

माझ्याजवळ या बोलण्याला उत्तर होतं. भांडवल बुडालं असं धरायचं तर बुडीत रकमेवर कर वाचतो. दोन लाखांवर साठ हजारांचा कर वाचला, त्याचं आजचं मूल्य चौतीस हजार वीस. म्हणजे बुडालं असं धरूनही उणे पासष्ट हजार येत नाही, उणे एकतीस हजार तीनशे पंच्याऐंशी येतं. किल्ली पुस्तकाप्रमाणे चुकली होती आणि भावाच्या युनिटाप्रमाणेही चुकली होती. हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते बोलले नाही. एखाद्याचा भाऊ बुडाल्याचं कळल्यावर त्याला कर किती वाचला ते सांगत नाहीत.

"आता भाऊ काय करतात?" मी विचारलं.

"एका मित्राच्या दुकानात हिशेब बघतो. बरा आहे." मग त्यांनी चष्मा लावला. "पोरांनी काय लिहिलंय बहुतेकांनी?"

"मी थोडेच पेपर पाहिले सर. ज्यांना येतं त्यांनी सत्तेचाळीस हजारच लिहिलंय."

"ज्यांना येतं त्यांना आपण कापतोय," ते स्वतःशीच म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी किल्लीवर एक ओळ वाढवली, खालचं उत्तर खोडलं, नवं लिहिलं आणि सही केली. परीक्षा विभागाला द्यायची चिठ्ठीही तिथंच लिहिली. त्यात लिहिलं की नमुना उत्तरात आपल्याकडून चूक झाली आहे. 'मुद्रणदोष' लिहिता आलं असतं, तसं पुष्कळ लोक लिहितात. त्यांनी नाही लिहिलं.

मग ते उभे राहिले आणि खोलीला म्हणाले, "सगळ्यांना त्रास होणार आहे, माझ्यामुळे. झालेले गठ्ठे परत उघडावे लागतील. फक्त तेवढाच प्रश्न बघायचा. भांडवल परत धरून बरोबर उत्तर असेल त्याला पूर्ण चौदा. कुणी परत येत नाही असं स्पष्ट गृहीत लिहून पुढे बरोबर केलं असेल तर माझ्याकडे आणा. नुसतं विसरला असेल तर त्या पायरीचे गुण कापा, बाकीचे द्या."

 मागच्या बाकावर एका मॅडमनी डोक्याला हात लावला. बाबूंनी विचारलं, "सर, याचं वेगळं मानधन लागणार का?" सर म्हणाले, "मला नाही वाटत." बाबू म्हणाले, "मग मी रजिस्टरमध्ये कसं दाखवू?" त्यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी ते जसं होतं तसंच राहिलं.

पारशिवनीचे सर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. त्यांनी त्यांचे गठ्ठे उघडले, लाल पेनानं जुने गुण खोडून नवे लिहिले, प्रत्येक ठिकाणी सही केली, वरच्या पानावरची बेरीज बदलली. मीही माझ्या वाट्याचे घेतले, आणि जे लोक काम आटोपून निघून गेले होते त्यांचेही काही घेतले. प्रश्न एकच बघायचा म्हटलं तरी प्रत्येक पेपरात तो शोधावा लागतो. कुणी पहिल्याच पानावर सोडवलेला, कुणी शेवटी पुरवणीत. दुपारचा चहा आला तेव्हा त्यांनी एक कप माझ्यासमोर सरकवला. बोलले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मॅडम, काल रात्री घरी सांगितलं, हळदीले येणं होत नाही. बायको म्हणे, काहून? मी म्हटलं एका गणितात दोन लाख हरवले होते. ती म्हणे, कोणाचे? आता काय सांगू तिले."

मी हसले. तेही हसले. पण त्यांची हळद हुकणार हे खरंच होतं. दोघांचेही डोळे लाल झाले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. अध्यक्ष सर शेवटपर्यंत थांबले. त्यांच्याकडे वेगळं गृहीत धरलेले पेपर फारसे गेले नाहीत. एकच पेपर त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. त्यात त्या मुलानं भांडवलातलं अर्धंच परत येईल असं धरलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'उधारी पूर्ण वसूल होत नाही.' बुडालेल्या अर्ध्यावर कर वाचतो हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. सरांनी मला विचारलं, "किती द्यायचे?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवा सर." त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि बारा दिले.

निघताना जिन्यात ते म्हणाले, "तुम्ही माझ्या विद्यार्थिनी होतात का हो? चेहरा ओळखीचा वाटतो." मी हो म्हटलं. कुठल्या वर्षाची ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "मग बरं शिकवलं म्हणायचं," ते म्हणाले आणि कठड्याला धरत खाली उतरले. मला बरं वाटलं की वाईट ते ठरवायची ताकद तेव्हा नव्हती. गाडीची सीट इतकी तापली होती की ओढणीची घडी घालून बसावं लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात मूल्यांकनाच्या यादीत माझं नाव आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशी नावं येतात आणि जातात. अध्यक्ष सर तोवर निवृत्त झाले होते. दुपारी घरात पडदे ओढून, सासूबाईंच्या खोलीतला कूलर ऐकत पडून राहता येत होतं, त्यात सुख होतं. थोडं लागलंही होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी फोन वाजला. पारशिवनीचे सर.

"मॅडम, झोपल्या होत्या का? डिस्टर्ब तं नाही केलं? या वर्षीच्या गणितात भंगाराचे एक लाख चाळीस हजार येतात, आणि पुस्तकी किंमत एक लाख. किल्लीत वरच्या चाळीस हजारांवर बारा हजार कर कापला आहे. बरोबर आहे का ते? मले वाटून राहिलं बरोबर आहे, पण तुमच्या तोंडून ऐकतो."

मी डोळे मिटूनच मनात आकडे लावले. चाळीसचे तीस टक्के बारा. हातात एक लाख अठ्ठावीस हजार.

"बरोबर आहे सर," मी म्हटलं.

"आणि खेळतं भांडवल परत घेतलं आहे. मी आधीच पाहून घेतलं."

"छान."

"पुतणीले मुलगी झाली," ते म्हणाले. "ठीक आहे मग, झोपा तुम्ही."

फोन ठेवला. सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण होतं गं?" मी म्हटलं, कॉलेजचे सर होते, कामाचं विचारत होते. मग उठून त्यांच्या कूलरमध्ये पाणी आहे का ते बघून आले.